दोन कप्प्यांची पेन्शन

२२ डिसेंबर २००३ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. १ जानेवारी २००४पासून केंद्र सरकारच्या सेवेत जो नव्याने रुजू होईल, त्याला जुनी पेन्शन नाही, असे तिने ठरवले. लष्कर तेवढे वगळले होते. नव्या माणसाच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम दरमहा कापली जाणार, सरकार तेवढीच भर घालणार, आणि हे सगळे टियर-१ नावाच्या खात्यात जाणार. त्या खात्यातून नोकरी चालू असताना काही काढता येणार नव्हते. आजच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा, म्हणजे एनपीएसचा, हा पाया.

त्याच अधिसूचनेत पुढे दुसऱ्या खात्याची तरतूद आहे. कर्मचाऱ्याची इच्छा असेल तर त्याने टियर-२ उघडावे, त्यात स्वतःचे पैसे ठेवावेत आणि हवे तेव्हा थोडे किंवा सगळे काढावेत. सरकार त्यात पैसा घालणार नाही आणि करात खास सवलतही देणार नाही. हा दुसरा कप्पा कशासाठी, याचे कारणही तिथेच दिले आहे: नव्या भरतीला जीपीएफ मिळणार नाही, म्हणून हा पर्याय. दोन कप्प्यांच्या खात्याची कुळकथा या एका कारणात सापडते. पुढच्या वीस-बावीस वर्षांत पैसे काढण्याच्या नियमांत जी ओढाताण झाली, तिचे मूळही मला तिथेच दिसते.

जीपीएफ, म्हणजे सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी, सरकारी घरांत काय काम करत होता हे आठवायला हवे. जुन्या कर्मचाऱ्याला म्हातारपणाची काळजी नव्हती, ती पेन्शन सांभाळत होती. पगारातून दरमहा कापला जाणारा जीपीएफ हा पेन्शनच्या जोडीला असलेला त्याचा स्वतःचा पैसा होता आणि तो नोकरीतच उपयोगी पडायचा. मुलीचे लग्न निघाले, घराचा स्लॅब टाकायचा झाला, आईचे ऑपरेशन ठरले की कार्यालयातल्या लेखाशाखेत अर्ज जायचा. हप्त्याहप्त्याने परत भरायची रक्कम ती ‘परतावा’ आणि परत न भरायची ती ‘ना-परतावा’, असे दोन शब्द प्रत्येक कारकुनाच्या तोंडी असत. कुलूपबंद आणि खुला, असे दोन कप्पे सरकारी नोकराकडे आधीपासूनच होते. फक्त त्यांची नावे पेन्शन आणि फंड अशी होती. २००३मध्ये दोन्ही एकदम गेले आणि त्यांच्या जागी टियर-१ व टियर-२ आले.

ही कल्पना एका दिवसात आलेली नव्हती. सेबीचे माजी अध्यक्ष सुरेंद्र दवे यांच्या अध्यक्षतेखाली ‘ओएसिस’ नावाच्या प्रकल्पाने म्हातारपणाच्या सोयीचा अभ्यास केला. त्याचा अंतिम अहवाल २०००मध्ये आला. पेन्शन नसलेल्या असंघटित माणसासाठी प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र, नोकरी बदलली तरी सोबत येणारे खाते असावे, हा त्याचा गाभा होता. वर्षानुवर्षे साठवलेला फंड निवृत्तीच्या दिवशी हाती उरत नाही, कारण तो वाटेतच काढला जातो, ही भारतातल्या भविष्य निधींची जुनी दुखरी जागा होती. टियर-१चे कुलूप या अनुभवातून आले. असंघटितांसाठी आखलेला आराखडा आधी सरकारी नोकरांना लागू झाला, आणि सर्व नागरिकांसाठी एनपीएस उघडायला १ मे २००९ उजाडावा लागला.

कुलूप लगेच लागले, पण खुला कप्पा लवकर आलाच नाही. टियर-२ प्रत्यक्षात सुरू झाले १ डिसेंबर २००९ रोजी. २००४मध्ये रुजू झालेल्याने जवळजवळ सहा वर्षे १० टक्के कपात सोसली, पण अडीनडीला हात घालता येईल असे सरकारी खाते त्याच्याकडे नव्हते. जीपीएफ काढून घेताना दिलेला पर्याय कागदावरच राहिला. माझ्या मते या योजनेची पहिली आणि सर्वांत महागडी चूक हीच. एनपीएस म्हणजे पैसा अडकवणारी योजना, हा समज या काळात घट्ट झाला आणि नंतरच्या सवलतींनीही तो पुसला गेला नाही.

महाराष्ट्राने आपली वाट वेगळी काढली. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना, म्हणजे डीसीपीएस, लागू झाली. पुढे ती एनपीएसमध्ये सामावली गेली. डीसीपीएसमध्येही स्तर-१ आणि स्तर-२ होते. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी द्यायची वेळ आली, तेव्हा जुन्या कर्मचाऱ्यांची रक्कम त्यांच्या जीपीएफमध्ये जमा झाली आणि डीसीपीएसवाल्यांची स्तर-२ मध्ये. जीपीएफची जागा स्तर-२ ने घेतली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक आजही स्तर-२ म्हटले की त्या थकबाकीच्या हप्त्यांचीच आठवण काढतात.

पण गरज काही थांबत नाही. खुला कप्पा ऐच्छिक होता. त्यात सरकारचा वाटा नव्हता, करसवलत नव्हती, आणि १० टक्के आधीच कापून गेल्यावर त्यात आणखी टाकायला बहुतेकांकडे शिल्लकही नव्हती. साहजिकच सगळा दाब बंद कप्प्यावर आला आणि त्याचे झाकण हळूहळू किलकिले होत गेले. २०१३च्या पेन्शन निधी कायद्याने टियर-१ मधून स्वतःच्या अंशदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत काढण्याची मुभा दिली. २०१५च्या नियमांनी तिला दहा वर्षांच्या सदस्यत्वाची अट घातली. २०१७मध्ये ती तीन वर्षांवर आली. कारणेही ठरलेली आहेत: मुलांचे उच्च शिक्षण, त्यांचे लग्न, घर घेणे किंवा बांधणे, आजारांवरचे उपचार वगैरे. ही यादी वाचताना जुना जीपीएफचा अर्ज समोर ठेवल्यासारखे वाटते.

इथे लोकांची फसगत एका शब्दापाशी होते, तो शब्द म्हणजे ‘स्वतःच्या’. समजा, एका तलाठी बाईंच्या टियर-१ खात्यात आज १६ लाख रुपये दिसतात. त्यात त्यांच्या पगारातून कापलेले ४ लाख, शासनाने घातलेले साडेचार लाख आणि गुंतवणुकीवर वाढलेले साडेसात लाख आहेत. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पैसे हवेत म्हणून त्या १६ लाखांचा चौथा हिस्सा, ४ लाख, मिळेल असे धरून चालतात. प्रत्यक्षात शासनाचा वाटा आणि वाढ या हिशेबात येतच नाहीत. पाव हिस्सा त्यांच्या ४ लाखांचा, म्हणजे १ लाखच हाती येईल. प्रवेशाची तारीख तोंडावर आली असताना हे कळणे फार जड जाते. म्हणून अर्ज करण्याआधी खात्याच्या विवरणात एकूण शिल्लक पाहू नये, ‘कर्मचारी अंशदान’ हा रकाना पाहावा आणि त्याला चारने भागावे.

डिसेंबर २०२५च्या दुरुस्तीने हे झाकण आणखी थोडे उघडले. साठीपूर्वी अशी अंशतः रक्कम काढण्याची संधी तीनऐवजी चार वेळा झाली आणि दोन वेळांमध्ये चार वर्षांचे अंतर ठरले. शिवाय या खात्याच्या तारणावर मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्ज घेण्याची वाट मोकळी झाली, मर्यादा तीच, स्वतःच्या अंशदानाच्या २५ टक्क्यांची. जीपीएफच्या परतावा अग्रिमाशी याचे नाते उघड आहे. फरक इतकाच की पूर्वी कर्मचारी आपलाच पैसा आपल्याच खात्यातून उचलायचा, आता मध्ये बँक आणि तिचे व्याज आले.

टियर-२ चा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. त्यात पैसे ठेवायला सरकारी नोकर फारसा येत नाही असे दिसल्यावर २०२० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी टियर-२ चा एक करबचत प्रकार आला. त्यातल्या रकमेला ८०सीची वजावट मिळते, पण ती तीन वर्षे काढता येत नाही. म्हणजे सवलत मिळवण्यासाठी खुल्या कप्प्यालाही कुलूप लावून घ्यायचे. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावट मिळतच नाही, त्यामुळे तिचा उपयोग जुन्या प्रणालीत राहिलेल्यांपुरताच. साध्या टियर-२ मध्ये अशी बंधने नाहीत. पण ते एकटे उघडता येत नाही, आधी टियर-१ लागते. टियर-२ मधून टियर-१ कडे पैसा वळवता येतो, उलट दिशेने नाही. टियर-१ बंद झाले की टियर-२ ही आवरावे लागते.

आणि शेवटचे दार, निवृत्तीचे. २००३च्या अधिसूचनेत साठीला किमान ४० टक्के रकमेची अ‍ॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून आयुष्यभराचे मासिक उत्पन्न, घेण्याची सक्ती होती. साठीआधीच योजना सोडली तर ८० टक्क्यांची. समजा ५० लाख जमले. निवृत्तीनंतर ३० लाख एकरकमी मिळतील आणि २० लाखांची अ‍ॅन्युइटी घ्यावी लागेल. तिचा दर वर्षाला ६ टक्के धरला, तर महिना १० हजार रुपये होतात. हे उत्पन्न करपात्र आहे, एकरकमी ३० लाख मात्र करमुक्त. याच माणसाने पन्नाशीत राजीनामा दिला असता तर त्याच ५० लाखांतले १० लाखच हाती पडले असते.

महागाई भत्त्यासोबत वाढणाऱ्या जुन्या पेन्शनशेजारी हे १० हजार ठेवले की मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले कर्मचारी संपावर का गेले, हे वेगळे सांगायला लागत नाही. अ‍ॅन्युइटीचा आकडा खरेदीच्या दिवशी ठरतो आणि साध्या प्रकारात तो आयुष्यभर तसाच राहतो. डिसेंबर २०२५च्या दुरुस्तीने बिगरसरकारी खातेदारांसाठी साठीनंतरची सक्ती ४० वरून २० टक्क्यांवर आणली. दोन्ही गटांत एकूण शिल्लक ८ लाखांपर्यंत असेल तर ती निवृत्तीवेळी पूर्ण काढता येते. सरकारी कर्मचाऱ्यासाठी मात्र २००३मध्ये लिहिलेले ४० आणि ८० हे दोन आकडे अजूनही तिथेच आहेत.