आरक्षण उठलं का हो? – नकाशावरच्या हिरव्या चौकोनाची शंभर वर्षांची गोष्ट

परवा चहाच्या टपरीवर तात्यांनी हात धरून बसवलं. "पत्रकार, आमच्या त्या दहा गुंठ्यांवरचं बगिच्याचं आरक्षण उठलं का हो?" तात्यांचं वय सत्तरच्या पुढे. विकास आराखडा मंजूर झाला तेव्हा त्यांच्या मुलाचं लग्न व्हायचं होतं, आता नातू कॉलेजात आहे. बगिचा झाला नाही. घर बांधायला परवानगीही मिळाली नाही. त्या जागेत आज फक्त वेडी बाभूळ आहे.

आपल्याकडं अशी जागा कुणाची नाही? नकाशावर खेळाचं मैदान, प्रत्यक्षात उकिरडा. नकाशावर अठरा मीटरचा रस्ता, प्रत्यक्षात कुंपण आणि त्यावर वाळत घातलेल्या साड्या. लोक म्हणतात नगरपालिका नालायक आहे. असेलही, पण दुखणं त्याहून जुनं आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या चाळींत माणसं मरायला लागली तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याची पद्धत सरळ होती. सक्तीनं जमीन घ्यायची, मोबदला द्यायचा, जुनं पाडायचं, रुंद रस्ते काढायचे. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे झाले. कामं झाली, पण जमिनीच्या मोबदल्यात पैसा भयंकर जात होता, शिवाय कोर्टकचेऱ्या.

त्याच सुमारास जर्मनीत फ्रँकफर्टच्या महापौरांनी, फ्रान्झ आडिकेस यांनी, १९०२ साली एक वेगळा कायदा करून घेतला होता. जमीन विकत घ्यायचीच कशाला? सगळ्या मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्त्यांसाठी भाग काढायचा आणि उरलेली जमीन चौकोनी प्लॉट पाडून त्याच मालकांना परत द्यायची. ही कल्पना मुंबई इलाख्यात आली आणि १९१५ चा मुंबई नगररचना कायदा झाला. तो देशातला या प्रकारचा पहिला कायदा. त्याखाली केलेल्या योजनेला म्हणतात नगररचना योजना, बोलीत टीपी स्कीम. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथले सरळ रस्ते या योजनांतून आलेले आहेत. पुण्यात भांबुर्डा, म्हणजे आताचं शिवाजीनगर, तिथंही झाली. डेक्कनकडच्या जुन्या पत्त्यात 'फायनल प्लॉट नंबर' का लिहितात, हे कोडं कधी पडलं असेल तर उत्तर हेच. योजनेआधीची जमीन मूळ खंड, योजनेनंतरची अंतिम खंड.

आता हिशेब तात्यांच्या दहा गुंठ्यांवर करून बघू. आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत. आज रस्ता नाही, भाव गुंठ्याला एक लाख, म्हणजे जमीन दहा लाखांची. योजनेत चार गुंठे रस्ता आणि बगिच्यासाठी गेले, सहा गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट परत मिळाला. गेलेल्या चार गुंठ्यांचे जुन्या भावानं चार लाख तात्यांना देणं. पण आता प्लॉटला रस्ता, गटार, दिवे आले आणि भाव तीन लाख झाला. सहा गुंठे म्हणजे अठरा लाख. योजना नसती तर या सहा गुंठ्यांचे सहा लाखच आले असते, तेव्हा वाढ झाली बारा लाखांची. योजनेच्या खर्चापोटी कायदा या वाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून घेऊ देतो. पूर्ण निम्मी धरली तर सहा लाख. त्यातून द्यायचे चार लाख वजा. तात्यांनी भरायचे दोन लाख, हातात अठरा लाखांचा प्लॉट. नगरपालिकेला चार गुंठे मिळाले आणि तिजोरीतून मोबदल्याचा रुपयाही गेला नाही. बगिचा एकट्या तात्यांच्या डोक्यावर न पडता आजूबाजूच्या पन्नास मालकांत वाटला गेला. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात न्यायाची वाटते.

मग हे थांबलं कुठं? १९५४ च्या कायद्यानं सबंध शहराचा विकास आराखडा करायचं बंधन घातलं. पिवळा रंग राहण्यासाठी, निळा व्यापारासाठी, जांभळा उद्योगासाठी, हिरवा शेतीसाठी. पुढं १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला. नीट वाचला तर त्यात आराखडा ही पहिली पायरी आहे आणि तो जमिनीवर उतरवायला टीपी स्कीम ही दुसरी. आपण पहिली ठेवली आणि दुसरी जवळजवळ सोडून दिली. कारण योजना संपतच नसत. लवाद नेमायचा, प्रत्येक खंडाची सुनावणी, मग अपील. मुंबईतल्या काही योजनांना दशकं लागली. मालकाकडून घ्यायची रक्कम मात्र योजना जाहीर झाल्या दिवसाच्या भावानं गोठलेली. सिमेंट महागत गेलं, वसुली जुन्याच दरानं. नगरपालिकांनी हात जोडले. सोपं काय, तर नकाशावर रंग भरा, आरक्षण टाका, पैसे आले की जमीन घेऊ. पैसे आले नाहीत.

गुजरातलाही मूळ हाच कायदा मिळाला होता. त्यांनी तो सोडला नाही. १९९९ च्या दुरुस्तीनं प्रारूप योजना मंजूर होताच रस्त्याच्या जागेचा ताबा घ्यायची सोय केली, बाकीची भांडणं मागाहून चालोत. अहमदाबादच्या ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल रिंग रोडची बरीच जमीन अशा योजनांतून आली.

आपल्याकडं अलीकडं पनवेलजवळ सिडकोच्या नैना क्षेत्रात आणि पुण्याशेजारी म्हाळुंगे-माणला या योजना पुन्हा निघाल्यात. नैनात मालकाला परत मिळतात चाळीस टक्के. त्याबदली बांधकामाचा निर्देशांक वाढवून दिला, पण एका एकरावर पोट असणाऱ्याला निर्देशांक घेऊन काय करायचंय? तिथल्या शेतकऱ्यांचा विरोध म्हणूनच समजण्यासारखा आहे. दुसरी अडचण वरच्या हिशेबातच लपलीय. एकाचे तीन लाख होतील हे आपण गृहीत धरलं. ज्या गावात प्लॉटला गिऱ्हाईकच नाही तिथं वाढ होणार नाही, मग खर्च कुठून निघणार? आणि तिसरी आपल्या गावाची. हिरव्या पट्ट्यात गुंठा-गुंठा विकून दीडशे घरं उभी राहिली की कुठली जमीन एकत्र करणार? योजना घरं उठायच्या आधी करायची असते.

म्हणून प्लॉट घेताना नुसता सातबारा बघू नका. झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही अपवाद सोडले तर राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. किती मजले, किती सामासिक अंतर हे ती सांगते, पण आरक्षणातल्या जागेवर ती घर बांधू देत नाही.

तात्यांसाठी वाट आहे ती १९६६ च्या कायद्यातल्या कलम १२७ ची. आराखडा अंतिम झाल्यावर दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर नगरपालिकेला मूळ कायद्यात सहा महिने होते, मग बारा झाले, २०१५ पासून चोवीस. तेवढ्यात जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. पावलं म्हणजे नुसता सभेचा ठराव नव्हे, संपादनाची अधिघोषणा निघायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगितलंय. पण आरक्षण आपोआप उठत नाही, आधी नोटीस द्यावी लागते.

तात्यांना विचारलं, नोटीस दिली होती का? "कसली नोटीस? मी दरवर्षी अर्ज देतोय की." अर्जांची फाईल घेऊन ते सोमवारी वकिलाकडं येतायत, मीही जाणार आहे. आणि तो हिरवा चौकोन उठला, तर त्या वॉर्डात बगिच्यासाठी दुसरी जागा नकाशावर नाही.