गालावरच्या व्रणाचं नाव

वेल्ह्यातल्या पालीसारख्या लहान गावात जन्मतः कर्णबधिर असलेलं मूल बहुधा एकटंच असतं. हजार जन्मांमागे साधारण एक मूल, असं हे प्रमाण. बहुतेकांचे आईवडील ऐकणारे असतात. बारशाला त्याच्या कानात नाव सांगतात, पण ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. घरातल्या खुणा भूक, पाणी, गुरं एवढ्यापुरत्या. त्याचं खुणेचं नाव त्याला मिळतं ते शाळेत, वसतिगृहात, त्याच्यासारख्याच मुलांकडून.

मुंबईत मूकबधिरांची शाळा 1885 च्या सुमारास सुरू झाली. त्याच्या थोडं आधी, 1880 मध्ये, मिलानच्या परिषदेने खुणांऐवजी तोंडी बोलण्यातून शिक्षण द्यावं असा ठराव केला होता. पुढची कित्येक दशकं अनेक शाळांचा भर ओठ वाचण्यावर आणि आवाज काढण्यावर राहिला. तरी मुलं एकमेकांशी हातांनीच बोलत राहिली, आणि नवीन आलेल्याला नाव लावणं हे त्या बोलण्याचाच भाग होतं.

ही नावं बहुधा दिसण्यावरून किंवा सवयीवरून पडतात. का? ‘सुनंदा’ बोटांनी लिहायचं तर सात इंग्रजी अक्षरं दाखवावी लागतात. गप्पांत ते दर वाक्याला कोण करील? शिवाय ज्याने ते नाव ऐकलेलं नाही, त्याच्यापुढे त्यातून माणूस उभा राहत नाही. डोळ्यांना दिसतं ते हनुवटीवरचा तीळ, कुरळे केस, सारखं चष्मा वर सारणं. त्याचीच खूण होते.

याचं एक प्रसिद्ध उदाहरण लोराँ क्लेर्क या फ्रेंच कर्णबधिर शिक्षकाचं. जन्म 1785 चा. वर्षभराचा असताना तो चुलीच्या विस्तवात पडला आणि गालावर व्रण राहिला. पॅरिसच्या शाळेत त्याचं नाव ठरलं: तर्जनी आणि मधलं बोट जोडून गालावरून खाली फिरवायची. 1816 मध्ये तो अमेरिकेला गेला, पुढच्या वर्षी हार्टफर्डला कर्णबधिरांची शाळा उभी राहिली, आणि नाव समुद्रापार तेच राहिलं. व्रण न पाहिलेले लोक आजही त्याला त्याच खुणेने ओळखतात. मिशी काढली तरी मिशीवरून पडलेलं नाव टिकतं, तसंच हे.

एक गोष्ट ऐकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. हे नाव हाक मारायला नसतं. समोरच्याचं लक्ष वेधायला खांद्यावर हात ठेवतात, हात हलवतात, दिव्याची उघडझाप करतात किंवा जमिनीवर पाय आपटतात. नाव लागतं ते तिसऱ्याबद्दल बोलताना. ओळख करून देताना आधी अक्षरं, मग खूण, आणि पुढे फक्त खूण. एकाच घोळक्यात दोघांना तीळ असला, तर कुणाच्या तरी खुणेत फरक करावा लागतो.

ऐकणाऱ्याच्या कानाला ‘तीळवाली’ किंवा ‘व्रणवाला’ बोचतं. पण कर्णबधिरांमध्ये ते बहुतेकदा हिणवणं नसतं. पाहून लक्षात ठेवणं असतं. बोचणारं नाव लागलंच, तर माणूस ते बदलून मागू शकतो.

तुम्ही खुणांची भाषा शिकत असाल, तर स्वतःसाठी नाव घडवू नका. अक्षरांनी नाव सांगा, कर्णबधिरांत ऊठबस ठेवा आणि खुणेचं नाव त्यांना देऊ द्या.