प्रमाणपत्रापासून श्रेयांकापर्यंत : तासांच्या हिशेबाचा एक इतिहास

प्रास्ताविक

ऑनलाइन अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र अथवा आंतरवासितेचा दाखला घेऊन विद्यार्थी प्राध्यापकाकडे येतो आणि "याचे श्रेयांक मिळतील ना?" असे विचारतो. त्याच्या दृष्टीने प्रमाणपत्र आणि श्रेयांक या एकच गोष्टी असतात. वस्तुतः प्रमाणपत्र देणारी संस्था शिकल्याची साक्ष देते, तर श्रेयांक देणारी संस्था ते शिकणे आपल्या पदवीचा भाग मानते. ही दोन कृत्ये वेगळी कशी झाली आणि त्यांना जोडणारे माप 'तास' हेच का ठरले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निवृत्तिवेतनातून जन्मलेले माप

श्रेयांकाचा उगम अध्यापनशास्त्रात नसून प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनात आहे, हे वाचून काही सहकाऱ्यांना आश्चर्य वाटेल. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. या निधीचा कारभार पाहणाऱ्या कार्नेगी प्रतिष्ठानापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो 'महाविद्यालय' कशाला म्हणावे हा. त्या काळी अनेक संस्था नावाने महाविद्यालये असल्या तरी प्रत्यक्षात माध्यमिक शाळांच्याच पातळीवर होत्या. म्हणून प्रतिष्ठानाने अट घातली की, प्रवेशासाठी माध्यमिक शिक्षणाची किमान १४ एकके मागणारी संस्थाच पात्र धरावी. वर्षभरात एका विषयाचे सुमारे १२० तास अध्ययन म्हणजे एक एकक. निवृत्तिवेतन हवे असल्याने संस्थांनी ही अट मुकाट्याने स्वीकारली.

पुढे १९१० साली याच प्रतिष्ठानाने मॉरिस कुक या अभियंत्याकडून एक अहवाल करून घेतला. कुक हे कारखान्यांतील वेळेचे मोजमाप करणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांचे सहकारी होते. निरनिराळ्या विद्यापीठांतील पदार्थविज्ञान विभागांच्या खर्चाची तुलना करण्यासाठी त्यांनी 'विद्यार्थी-तास' हे माप वापरले. अध्यापकाच्या कामाचा भार व संस्थेचा खर्च मोजणे हा त्यामागील हेतू होता. विद्यार्थी काय शिकला, हा प्रश्न त्यात नव्हताच. खुद्द कार्नेगी प्रतिष्ठानाने २०१५ च्या आपल्या अहवालात हे एकक अध्ययनाचे माप म्हणून योजलेले नव्हते, असे मान्य केले. तोपर्यंत शतक उलटून गेले होते आणि जगभरच्या पदव्या या मापावर उभ्या होत्या.

कारखाना आणि वर्ग

एकक रुजत होते त्याच सुमारास, १९०६ साली, सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांसह एक प्रयोग आरंभिला. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या होत्या. जोडीतील एक जण आठवडाभर कारखान्यात, तर दुसरा वर्गात. पुढील आठवड्यात अदलाबदल. कामाची मजुरी मिळे, मात्र पदवीला सहा वर्षे लागत. आजच्या आंतरवासितेचे मूळ बहुधा याच प्रयोगात शोधले जाते. कामाने वर्गाच्या तासांची जागा घेतली नव्हती, ते त्यांच्या जोडीला आले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाची उभारणीही 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर झाली. तेथे श्रमाने शिक्षणाचा खर्च भागे आणि स्वाभिमान जपला जाई. त्या श्रमाचे गुण मात्र पदवीच्या गुणपत्रिकेत येत नसत. श्रमाचे मोल कमी मानल्यामुळे हे झाले असे म्हणता येणार नाही. परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि श्रम पाहणारी संस्था या दोन वेगळ्या यंत्रणा होत्या, आणि एकीचे निरीक्षण दुसरीच्या गुणपत्रिकेत नेणारा मार्ग नव्हता.

हा मार्ग पद्धतशीरपणे प्रथम घडला तो युद्धानंतर, परतलेल्या सैनिकांसाठी. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांनी सैनिकांना केवळ सेवेच्या कालावधीवरून सरसकट श्रेयांक वाटले होते. त्यामुळे पदवीच्या दर्जाची जी हानी झाली ती पुन्हा होऊ नये म्हणून १९४५ साली अमेरिकन शिक्षण परिषदेने एक आयोग नेमला. लष्करी प्रशिक्षणाचा प्रत्येक अभ्यासक्रम त्या त्या विषयाच्या जाणकारांनी तपासावा, तो महाविद्यालयातील कोणत्या विषयाशी किती श्रेयांकांपुरता तुल्य आहे याची शिफारस करावी, आणि अंतिम निर्णय विद्यार्थ्याच्या महाविद्यालयाने घ्यावा, असे ठरले. सेवेचा काळ मोजायचा नाही, शिकलेला आशय मोजायचा. आणि शिफारस बाहेरची असली तरी निर्णय घरचा. प्रस्तुत विषयातील पुढची सर्व गुंतागुंत या दोन सूत्रांभोवतीच फिरते.

भारतातील नियम आणि त्यांतील फटी

ऑनलाइन अभ्यासक्रमांची लाट आली तेव्हा केवळ मान्यता देऊन भागत नाही, हेही दिसून आले. अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठाच्या ऑनलाइन शाखेने २०१२ साली संगणकशास्त्राच्या एका मुक्त अभ्यासक्रमास श्रेयांक देऊ केले. वर्षभरात एकही विद्यार्थी ते मागावयास आला नाही. कारण उघड आहे. मुक्त अभ्यासक्रम घेणारे बहुतेक जण कोणत्याही पदवीचे विद्यार्थी नव्हते, आणि जे होते त्यांच्या पदवीत त्या विषयाला जागा नव्हती.

भारताने याउलट क्रम घेतला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली 'स्वयम्' मंचावरील अभ्यासक्रमांच्या श्रेयांकांविषयी विनियम काढले. मंचाचे औपचारिक उद्घाटन २०१७ च्या जुलैमध्ये झाले. म्हणजे जागा आधी आखली आणि अभ्यासक्रम नंतर आले. एका सत्रातील अभ्यासक्रमांपैकी २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने घेता येत. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्के केली. २०१६ च्या विनियमांतील क्रम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. मंचाने पुढील सत्राच्या अभ्यासक्रमांची यादी १ जून व १ नोव्हेंबर रोजी कळवावयाची. संस्थेने चार आठवड्यांच्या आत विद्वत्परिषदेमार्फत त्यांतील कोणते आपल्याला चालतील ते ठरवावयाचे. मग विद्यार्थ्याने नाव नोंदवावयाचे. निर्णय नोंदणीच्या आधीचा आहे. विद्यार्थी प्रमाणपत्र हाती पडल्यावर येतो, तेव्हा तो नेमका उलट टोकाने आलेला असतो.

एक कल्पित परंतु नेहमीच्या स्वरूपाचे उदाहरण घेऊ. विज्ञान शाखेच्या एका विद्यार्थिनीने ४ श्रेयांकांच्या ऐच्छिक विषयाऐवजी 'एनपीटीईएल'चा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. या मंचावर ४ आठवड्यांना १, ८ आठवड्यांना २ व १२ आठवड्यांना ३ श्रेयांक, असे समीकरण रूढ आहे. म्हणजे पहिल्याच पावलाला १ श्रेयांकाची तूट. ती भरून काढण्यासाठी महाविद्यालयाने एखादे प्रात्यक्षिक अथवा लघुप्रकल्प आधीच जोडून ठेवलेला नसेल, तर शेवटच्या सत्रात तिची बेरीज एकाने कमी भरते.

आता गुण पाहू. स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर पर्यवेक्षणाखाली होणाऱ्या लेखी परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण स्वतंत्रपणे मिळावे लागतात. तिला स्वाध्यायांत २४ व परीक्षेत २९ मिळाले, तर बेरीज ५३ होऊनही प्रमाणपत्र मिळत नाही. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत ५३ म्हणजे सहज उत्तीर्ण, म्हणून घरची मंडळी चक्रावतात. घरबसल्या सोडविलेल्या स्वाध्यायांचा भरवसा किती धरावा, याचे उत्तर या दुहेरी अटीत आहे, आणि प्रस्तुत लेखकास ती योग्य वाटते. तिसरी अडचण वेळेची. मंचाची परीक्षा व निकाल विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी जुळतीलच असे नाही. निकाल उशिरा आला की संपूर्ण सत्राचा निकाल राखून ठेवला जातो.

श्रेयांक जमा झाले की ते २०२१ साली सुरू झालेल्या 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मधील खात्यात दिसतात. तेथे ते जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात आणि एका पदवीसाठी वापरले की खात्यातून वजा होतात. खात्यात श्रेयांक दिसतो म्हणून तो आपल्या पदवीत धरला गेला, असा समज मात्र करून घेऊ नये. १९४५ च्या व्यवस्थेप्रमाणेच, तो निर्णय पदवी देणाऱ्या संस्थेचा आहे.

आंतरवासितेचे तास

आंतरवासितेत हिशेब अधिक निसरडा आहे. आयोगाच्या २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार व्याख्यानाचे १५ तास म्हणजे १ श्रेयांक, तर आंतरवासितेचे ३० तास म्हणजे १ श्रेयांक. तंत्रशिक्षण परिषदेच्या धोरणात हेच प्रमाण ४० ते ४५ तासांचे आहे. म्हणजे एकाच कार्यालयात शेजारी बसून तेच काम करणाऱ्या वाणिज्य व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या खाती निरनिराळे श्रेयांक पडू शकतात. महाराष्ट्र शासनाच्या एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवी अभ्यासक्रमाच्या चौकटीत कार्यप्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभाग यांना स्थान मिळाल्यावर हा प्रश्न तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचला आहे.

४ श्रेयांक म्हणजे १२० तास. सुटीत रोज सहा तास काम केले तर हे २० दिवसांत पुरे होते. पण सकाळी वर्ग करून दुपारी करसल्लागाराच्या कार्यालयात तीन तास बसणाऱ्या विद्यार्थिनीला ४० कामाचे दिवस, म्हणजे रविवार व सण धरून जवळजवळ दोन महिने लागतात. असे असता 'एक महिना आंतरवासिता पूर्ण केली' एवढाच मजकूर असलेला दाखला या रकान्यात बसत नाही, कारण महिना हे तासांचे माप नव्हे. संशय घेण्याजोग्या नोंदवह्या ओळखणे फारसे कठीण नसते. सर्व दिवसांच्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या असतात. सार्वजनिक सुटीच्या दिवशीही उपस्थिती असते. आणि 'कार्यालयीन कामकाज समजून घेतले' हे वाक्य रोज येते. खऱ्या नोंदीत कुठेतरी चूक, खोळंबा, न जुळलेला ताळा असतो. तोंडी परीक्षेत त्या एका दिवसाविषयी विचारले की पुढचे आपोआप कळते.

ही तपासणी करणारा महाविद्यालयीन मार्गदर्शक कोणत्या वेळेत ती करतो, हा प्रश्न मात्र कुठल्याच दाखल्यावर येत नाही. १५ विद्यार्थ्यांच्या कामाच्या जागी प्रत्येकी एकदा जाऊन यावयाचे म्हटले आणि जाण्यायेण्यासह दोन तास धरले, तरी ३० तास होतात. त्यात नोंदवह्या वाचणे व तोंडी परीक्षा आलेलीच नाही. विद्यार्थ्याच्या खाती एक श्रेयांक जमा होण्यास जेवढे तास लागतात, तेवढेच हे तास आहेत. कुक यांनी अध्यापकाचा भार मोजण्यासाठी बनविलेले माप आज विद्यार्थ्याच्या बाजूला काटेकोरपणे लावले जाते. अध्यापकाच्या वेळापत्रकात मात्र या ३० तासांसाठी बहुतेक ठिकाणी रकानाच नसतो, आणि तो नसतो तेथे भेट न देताच सही होते.