रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत: घरातले ज्येष्ठ नेमके कुठे पडतात आणि ते कसं टाळायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोकांचा पडल्यामुळे मृत्यू होतो. यात साठीच्या पुढच्या लोकांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. पडणं म्हटलं की जिना किंवा पावसाळ्यातला रस्ता आठवतो. पण वयस्कर माणसासाठी धोक्याचा एक रस्ता घरातच असतो. तो जेमतेम दहा-बारा पावलांचा आहे: रात्री पलंगावरून उठून बाथरूमपर्यंतचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, ७४ वर्षांच्या आजी टू बीएचके फ्लॅटमध्ये राहतात. त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. रात्री दोनला लघवीसाठी जाग येते. खोलीतल्या दिव्याचं बटण दाराजवळ, म्हणजे पलंगापासून चार पावलांवर. मुलाची झोप मोडू नये म्हणून त्या दिवा लावतच नाहीत. सपाता अंधारात पायानेच शोधतात, पॅसेजमधून भिंतीला हात लावत जातात आणि बाथरूमच्या उंबऱ्यावरून आत पाऊल टाकतात. आतली लादी ओली आहे, कारण घरातलं कुणीतरी साडेअकराला पाय धुऊन गेलंय.

यातलं एकेक कारण वेगळं काढून पाहू.

उठल्याबरोबर चालू नका

झोपलेलं माणूस एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. तरुण शरीर काही क्षणांत हे सावरून घेतं. वयानुसार हा वेग कमी होतो. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांमुळे तो आणखी मंदावतो किंवा तोल सांभाळणं अवघड होतं. मग डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून उठल्यावर एक-दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसावं, पायाचे पंजे वर-खाली हलवावेत आणि मगच उभं राहावं.

घरात रक्तदाब मोजायचं मशीन असेल तर हे तपासताही येतं. पाच मिनिटं झोपवून रक्तदाब मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. तपासताना शेजारी धरायला माणूस हवं. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, किंवा खालचा १० ने घसरला, तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

उजेड खाली हवा

वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळसर पडतं. त्यामुळे साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. ‘एवढा तर उजेड आहे’ असं नातवाला वाटतं ते त्याच्या डोळ्यांनी.

पण छताचा झगझगीत ट्यूबलाइट हा यावर उपाय नाही. अंधारातून एकदम प्रखर उजेडात आलं की डोळे दिपतात आणि परत अंधारात गेल्यावर काही वेळ काहीच दिसत नाही. रात्रीसाठी पलंगाखाली, पॅसेजमध्ये आणि बाथरूमच्या दाराशी गुडघ्याखालच्या उंचीवर छोटे, पिवळसर दिवे लावावेत. हालचाल झाली की आपोआप लागणारे सेन्सरचे दिवे मिळतात. त्यामुळे बटण शोधायचा प्रश्नच राहत नाही. वीज जाणाऱ्या गावात मात्र सॉकेटमध्ये खोचायचा दिवा कामाचा नाही, चार्जिंगचा घ्यावा. पलंगावरून हाताला लागेल असं एक बटण किंवा टॉर्चही हवा.

बाथरूममध्ये सगळ्यात आधी काय?

लादी बदलायचा खर्च काढण्याआधी ती घासून पाहा. ओली लादी निसरडी असतेच, पण साबण, तेल आणि बोअरच्या जड पाण्यातला क्षार यांचा पातळ थर बसला की ती जास्त निसरडी होते. कोरड्या लादीवर बोट फिरवल्यावर बुळबुळीत किंवा पांढरट काही लागलं तर थर साचलाय असं समजावं. वापर झाला की वायपरने पाणी ओढून टाकायची सवय घरातल्या सगळ्यांना लागायला हवी. आजीच्या उदाहरणात साडेअकराचं पाणी दोन वाजेपर्यंत सुकलं नव्हतं. रात्री ते पुसायचं काम पाय धुणाऱ्याचं होतं.

रबरी मॅट घेताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खाली सक्शनच्या वाट्या असलेली मॅट गुळगुळीत लादीवरच चिकटते. खरखरीत लादीवर ती घट्ट बसत नाही आणि पायाखालून सरकते. आठवड्यातून एकदा मॅट उलटी करून धुवावी, नाहीतर खाली शेवाळ धरतं.

यानंतर धरायची दांडी. तोल गेला की माणूस हाताला येईल ते धरतं, आणि बहुतेक बाथरूममध्ये ती असते टॉवेलची दांडी. ती माणसाचं वजन पेलण्यासाठी बनवलेलीच नसते. आधाराची दांडी वेगळी मिळते. ती साधारण ३३ ते ३६ इंच उंचीवर बसवतात. पण सगळ्यात चांगलं माप म्हणजे चप्पल घालून सरळ उभं राहिल्यावर मनगट जिथे येतं ती जागा. दांडी आणि भिंत यांत दीड इंच अंतर असावं. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ती ड्रिल करून स्क्रूने पक्की बसते. पोकळ पार्टिशनवर मात्र नुसती स्क्रूने लावू नये. प्लंबर गेला की घरातल्या दणकट माणसाने दांडीला लोंबकळून पाहावं. ती जराही हलली तर काम परत करून घ्यावं. दोन दांड्या पुरतात: एक कमोडशेजारी, एक अंघोळीच्या जागी.

कमोडवर बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर जात असतील तर सीट ठेंगणी आहे. वरून बसवायची उंच सीट मिळते. अंघोळीसाठी गुळगुळीत पायांच्या प्लास्टिकच्या स्टुलाऐवजी पायांना रबरी टोप्या असलेली, पाठ टेकता येणारी खुर्ची हवी. उंबऱ्याच्या कडेला फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा, म्हणजे कमी उजेडातही कड दिसते. आतली कडी न लावण्याचं ठरवून घ्या. आतून बंद दाराआड माणूस पडलं, तर ते आधी तोडावं लागतं.

पायात काय?

मागून पट्टा नसलेली सपाता घालून माणूस पाय उचलत नाही, घसटत चालतं. चप्पल पायातून निसटू नये म्हणून बोटं आवळली जातात आणि पाऊल अडखळतं. नुसते मोजे घालून लादीवर चालणं त्याहून धोक्याचं. घरात टाचेला पट्टा असलेली, एक इंचाहून कमी टाचेची, पातळ आणि घट्ट रबरी सोलची चप्पल योग्य. फार मऊ, जाड सोल गुदगुल्या बऱ्या वाटल्या तरी त्यात पायाला जमीन नीट कळत नाही. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्यांना तर आणखीच कमी. चप्पल उलटी करून पाहा: टाचेखालच्या रेषा झिजून सपाट झाल्या असतील तर ती बदलायची वेळ झाली. गाउन आणि लुंगी घोट्याच्या वर हवी.

तरीही पडल्या तर?

बगलेत हात घालून लगेच उचलू नका. आधी विचारा, कुठे दुखतंय. एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, मांडीच्या वर कळ येत असेल, तर खुब्याचं हाड मोडल्याची शक्यता आहे. हलवू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर बरं वाटत असलं तरी त्याच वेळी दवाखान्यात न्यावं.