तोड आणि सुटी

इंग्लंडमधील यॉर्क शहरात राउनट्री नावाचा मिठाईचा कारखाना होता. 1935 साली त्याने चार कांड्यांची एक चॉकलेटची वडी बाजारात आणली आणि दोन वर्षांनी तिला किट कॅट हे नाव दिले. 1957 साली लंडनमधील एका जाहिरात संस्थेत डोनाल्ड गिल्स या गृहस्थांनी तिच्यासाठी एक वाक्य लिहिले : ‘हॅव अ ब्रेक, हॅव अ किट कॅट’. वाक्य साधेच, पण त्यात श्लेष आहे. ‘ब्रेक’ म्हणजे कामातली घटकाभर विश्रांती आणि ‘ब्रेक’ म्हणजे मोडणेही. कांडी मोडायची, तीच विश्रांती! एका शब्दाने हाताची कृती आणि मनाचा विसावा जोडला आहे.

आता वाचकहो, हे वाक्य मराठीत आणा पाहू. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे कोडे घालतो, तेव्हा प्रथम उत्तर येते ते ‘विश्रांती घ्या, किट कॅट घ्या’. अर्थ बरोबर आहे. पण कांडी मोडलीच नाही. दुसरा म्हणतो, ‘ब्रेक’च ठेवावा. पण देवनागरीत लिहिताच या शब्दातले मोडणे निघून जाते आणि गाडीचा ब्रेक येऊन बसतो, कारण इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगचे ते दोन शब्द आपल्या लिपीत एकच होतात. पुढे हिंदी जाहिरातीत ‘ब्रेक बनता है’ असे आले, ते याच अंगाने. तिथे मोडण्याचा श्लेष सोडून दिला आणि ‘बनता है’ म्हणजे ‘एवढे तर आपले हक्काचे’ हा बोलीतला ठसका घेतला. पण हीच ओळ मराठीत ‘ब्रेक बनतो’ केली, तर ऐकणारा विचारील, कशापासून बनतो?

म्हणून आधी श्लेष बाजूला ठेवून तो कोणते काम करतो, ते कागदावर मांडावे. इथे तीन कामे आहेत : कांडी मोडण्याची कृती, थांबण्याची परवानगी आणि वस्तूचे नाव. मग प्रत्येक भाषेच्या कोठारात जाऊन हे काम करणारा तिचा स्वतःचा शब्द शोधावा.

हिंदीत तो चटकन सापडतो. ‘तोड़’ म्हणजे तोडणे आणि ‘तोड़’ म्हणजे उतारा, उपायही. ‘तोड़िए, थकान का यही तोड़ है’ असे लिहिले की कांडी मोडते आणि थकवाही उतरतो. मराठीतही ‘तोड’ आहेच, मग तीच ओळ चालवावी, असा मोह होतो. पण आपण म्हणतो, ‘देवगडच्या हापूसला तोड नाही’. म्हणजे जोड नाही. आपण तोड काढतो ती भांडणावर, भावाच्या घासाघिशीवर. थकव्याशी कोण तडजोड करतो? अक्षरे तीच, पण शब्दाचे घर वेगळे.

बरे, ‘मोडा’ म्हणावे, तर आपल्याकडे मोडते ते लग्न, संसार, कंबर. सणासुदीला आपण नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो; बांगडीसुद्धा वाढवतो. मोडण्या-फुटण्याचे शब्द जपून वापरणाऱ्या घरात ‘मोडा’ हा आग्रह कानाला बरा लागणार नाही.

मला मराठीत सापडलेला शब्द म्हणजे ‘सुटी’. शाळेची मधली सुटी आणि जुडीतून वेगळी झालेली सुटी काडी, दोन्ही एकाच ‘सुटणे’तून आलेल्या. ‘एक कांडी सुटी, घटकाभर सुटी.’ तिन्ही कामांपैकी दोन झाली; नाव शेजारी वेष्टनावर असतेच.

पण इथे थांबू नये. ओळ तयार झाली की तिचा शब्दशः अर्थ मूळ मालकाच्या भाषेत लिहून द्यावा, म्हणजे काय राहिले आणि काय गेले ते त्याला कळते. मग ज्यांना इंग्रजी ओळ ठाऊक नाही अशा माणसांना ती दाखवून, ‘यात काय सांगितले?’ एवढेच विचारावे. माझ्या ओळीचे दोन दोष अशा वेळी उघडे पडतील. बोलताना बहुतेक लोक ‘सुट्टी’ म्हणतात, म्हणून फलकावर चालणारा हा श्लेष रेडिओवर लंगडा पडतो. आणि कोणी दुकानदाराकडे एकच सुटी कांडी मागू लागला, तर ओळ आपल्या कामाला मुकली असे समजावे.

तसे झाले, तर श्लेष खुशाल सोडावा आणि ‘मधली सुटी झाली!’ एवढेच लिहावे. त्यात शब्दांचा खेळ नाही. पण ते वाचताना शाळेची घंटा ऐकू येईल, आणि तिच्यात थांबण्याची परवानगी आहे. इंग्रज कामगाराला ‘ब्रेक’ने जे दिले, ते मराठी माणसाला या घंटेने दिले आहे. हिंदीची ओळ मात्र वेगळीच राहील, आणि ती तशीच राहू द्यावी.