हाताची रात्रीची बधिरता

झोपेत एका हाताच्या बोटांना मुंग्या येऊन किंवा बोटे बधिर होऊन जाग येणे. रुग्ण हे ‘हात मेल्यासारखा होतो’, ‘हात जड पडतो’ अशा शब्दांत सांगतो. कुशीखाली हात दाबला गेल्याने एखाद्या रात्री येणारी आणि कूस बदलताच जाणारी बधिरता येथे धरलेली नाही. आठवड्यातून अनेक रात्री हे घडू लागले, की साधारणपणे तीन कारणांचा विचार करतात: मनगटात मध्यम तंत्रिका (मज्जातंतू) दाबली जाणे, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम, मानेच्या मणक्यांमधून बाहेर पडणारे तंत्रिकामूळ दाबले जाणे, आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. यांपैकी पहिले कारण सर्वांत जास्त वेळा निघते. लोकांच्या आणि काही डॉक्टरांच्याही मनात मात्र आधी मान येते.

शरीररचना : मनगटाच्या तळहाताकडील बाजूला लहान हाडांची एक पन्हळ असून तिच्यावर जाड बंध आडवा ताणलेला असतो. या बोगद्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि मध्यम तंत्रिका जातात. बोगद्याच्या भिंती ताणल्या जात नाहीत, त्यामुळे कंडरांवरील आवरणे थोडी जरी सुजली तरी दाब तंत्रिकेवर येतो. मनगट पुढे किंवा मागे मुडपले की हा दाब आणखी वाढतो. झोपेत मनगट उशीखाली किंवा हनुवटीखाली मुडपून तासन्‌तास तसेच राहते, म्हणून त्रास रात्री होतो. ही तंत्रिका अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांना संवेदना पुरवते. करंगळी तिच्याकडे नाही. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या तळहाताच्या कातडीला जाणारी शाखा मनगटाच्या आधीच फुटते आणि बोगद्याबाहेरून जाते. म्हणून बोटे बधिर झाली तरी ती कातडी शाबूत राहते. निदानात या बारकाव्याचा फार उपयोग होतो.

इतिहास : मनगटाच्या हाडाला इजा झाल्यानंतर मध्यम तंत्रिका दाबली जाते, हे जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये नोंदवले. बॉस्टनचे जेम्स पुटनम यांनी १८८० मध्ये रात्री हात बधिर होणाऱ्या ३७ रुग्णांचे वर्णन केले, पण दोष मनगटात आहे हे त्यांना उमगले नाही. पिएर मारी व शार्ल फ्वा यांनी १९१३ मध्ये शवविच्छेदनात मनगटाच्या बंधाखाली चिरडलेली तंत्रिका पाहिली आणि बंध कापण्याची सूचना केली. ती मागे पडली. पुढची अनेक वर्षे दोष मानेच्या बुडाशी शोधला जात होता, आणि जादा बरगडी काढण्याच्या शस्त्रक्रियाही होत होत्या. १९४७ मध्ये ब्रेन, राइट व विल्किन्सन यांच्या लेखाने लक्ष पुन्हा मनगटाकडे वळवले. १९५० नंतर जॉर्ज फॅलन यांनी या आजाराची ओळख सर्वदूर पोहोचवली आणि मनगट वाकवण्याची त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी रूढ केली.

मनगटातील दोष ओळखणे : जाग आल्यावर रुग्ण हाताचे काय करतो, हे आधी विचारावे. तो पंजा थर्मामीटर झटकावा तसा झटकतो किंवा पलंगाखाली लोंबता सोडतो, आणि काही मिनिटांत आराम पडतो. दिवसा स्कूटरचे हॅंडल, फोन किंवा वर्तमानपत्र धरल्यावर तोच त्रास होतो. ‘सगळी बोटे बधिर होतात’ असे बहुतेक जण सांगतात, पण टाचणीने तपासताना करंगळी चांगली निघते. फॅलन चाचणीत दोन्ही मनगटे पूर्ण वाकवून ६० सेकंद धरतात. तेवढ्या वेळात नेहमीच्या मुंग्या सुरू झाल्या तर संशय बळावतो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट झाला असेल तर दाब जुना समजावा. तंत्रिकावहन चाचणीत मध्यम तंत्रिकेचा संदेश मनगट ओलांडताना मंदावतो का, हे त्याच हाताच्या करंगळीकडच्या तंत्रिकेशी ताडून पाहतात. दोष कोठे आहे हे या चाचणीइतके स्पष्ट दुसरी कोणतीही चाचणी दाखवत नाही. सुरुवातीच्या सौम्य अवस्थेत मात्र ती निर्दोषही येते.

उदाहरण : शिवणकाम करणारी ४७ वर्षांची स्त्री. चार महिने उजव्या हाताच्या बधिरतेने पहाटे दोन-तीनच्या सुमारास जाग येई. मानेच्या क्ष-किरण चित्रात पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील अंतर कमी दिसले. रक्तात ब-१२ मिलिलिटरमागे १७० पिकोग्रॅम निघाले. मानेला पट्टा आणि ब-१२ची दहा इंजेक्शने झाली, तरी रात्री तशाच गेल्या. नंतर टाचणीने तपासले तेव्हा अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बोथट आणि करंगळीकडची बाजू तीक्ष्ण लागली. मान वळवून काही झाले नाही. मनगट वाकवल्यावर ४० सेकंदांत मुंग्या आल्या. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी दिल्यावर सहा आठवड्यांत झोप पूर्ववत झाली. दोन्ही अहवाल खरे होते, पण त्यांत सापडलेली कमतरता आणि झीज या त्रासाचे कारण नव्हती. कमी निघालेल्या ब-१२चा उपचार अर्थातच स्वतंत्रपणे पूर्ण केला.

मानेतील दोष : चाळिशीनंतर मणक्यांची झीज चित्रात सर्रास दिसते, त्यामुळे केवळ चित्रावरून निदान करू नये. मूळ खरोखर दाबले गेले असेल तर मानेतून किंवा खांद्याच्या पात्यामागून दंडावरून कळ येते. मान मागे करून त्या बाजूला कलवल्यास ती वाढते, हात डोक्यावर ठेवल्यास कमी होते. सहावे मूळ अंगठ्याकडे व सातवे मधल्या बोटाकडे जात असल्याने मनगटाच्या आजाराशी गल्लत होते. अशा वेळी दंडाची किंवा कोपरामागची हातोडीची प्रतिक्षिप्त क्रिया मंद आहे का, हे पाहतात. दोन्ही दोष एकत्र असणे शक्य आहे. मानेत दाबलेली तंत्रिका मनगटात लवकर दुखावते, ही १९७३ मध्ये मांडलेली कल्पना मात्र वादग्रस्त आहे.

ब-१२ : या कमतरतेत दोन्ही बाजूंना सारखी आणि बहुधा आधी पावलांना बधिरता येते. जमीन गादीसारखी लागते. डोळे मिटून उभे राहिल्यास तोल जातो. एकाच हाताच्या तीन बोटांपुरता त्रास या कमतरतेने सहसा होत नाही. ती भारतात, विशेषतः शाकाहारी लोकांत, इतकी पसरलेली आहे, की कमी आकडा हे कारणाचे प्रमाण ठरू शकत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातील ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२चे प्रमाण कमी आढळले. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते उतरते. मिश्र ‘ब’ गोळ्यांत ब-६ असते. ते मोठ्या मात्रेत बरेच महिने घेतल्यास स्वतःच बधिरता आणते.

उपचार : मनगटासाठी पहिला उपाय रात्रीची पट्टी. दुकानातील बऱ्याच पट्ट्यांत धातूची पट्टी मनगट मागे मुडपलेले ठेवते. ती काढून सरळ करून पुन्हा घालावी लागते. मधुमेह, थायरॉइडची मंदता, संधिवात व गरोदरपण यांची चौकशी करावी. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर जातो. आराम न पडल्यास बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. बधिरता सतत राहू लागली किंवा अंगठ्याचा उंचवटा वाळू लागला, तर बंध कापण्याची शस्त्रक्रिया लांबवू नये. मानेच्या दोषात बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप उतार पडतो.

अन्य कारणे : बधिरता करंगळीकडे असेल तर कोपर तपासावे, तेथे तंत्रिका जाड लागली किंवा अंगावर बधिर चट्टा असला तर कुष्ठरोग शोधावा. बधिरता अचानक येऊन तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालयात न्यावे.