जनरेटिव्ह फिल : वस्तू पुसण्यासाठीची सूचना

छायाचित्रातील नको असलेली वस्तू काढून तिच्या जागी आजूबाजूला शोभेल असा भाग कृत्रिम बुद्धिमत्तेकडून भरून घेणे. अडोबीच्या फोटोशॉपमध्ये ही सोय मे २०२३ मध्ये चाचणी आवृत्तीत आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वांसाठी आली. पुसलेल्या जागी भलतीच वस्तू उगवणे ही तिच्याबाबतची नेहमीची तक्रार आहे. तिचे मूळ बहुधा सूचनेच्या शब्दांत किंवा निवडीच्या कडेत सापडते.

समजा, गिरगावच्या खोताच्या वाडीतील एका लाकडी कठड्याच्या घराचा फोटो आहे आणि ओट्यापाशी स्कूटर उभी आहे. स्कूटरच्या कडेकडेने नेमकी निवड करून सूचनेच्या चौकटीत `remove the scooter` लिहिले, तर तिथे दुसरी दुचाकी किंवा एखादी कुंडी येण्याचा संभव असतो. या चौकटीतले शब्द म्हणजे हुकूम नव्हे. चित्रात काय दिसावे याचे ते वर्णन धरले जाते. त्यामुळे ‘काढ’ मागे पडते आणि ‘स्कूटर’ चित्रात उतरते. शिवाय निवडीचा आकारच स्कूटरचा असतो आणि जमिनीवरची सावली बाहेर राहिलेली असते. सावली आहे म्हणजे ती पाडणारे काहीतरी हवे, असे प्रारूप जुळवून घेते.

म्हणून लॅसोने सैल निवड करावी. वस्तूभोवती थोडी मोकळी भिंत आणि फरशी आत घ्यावी. सावली आणि साचलेल्या पाण्यातले प्रतिबिंबही सोडू नये. मग चौकट कोरी ठेवून `Generate` दाबावे. पुसण्यासाठी कोरी चौकट हीच पहिली सूचना. समोर आलेल्या तिन्ही पर्यायांत काहीतरी उगवलेच, तर मागे जे असायला हवे तेवढेच लिहावे:

```
plain plaster wall, stone paving
```

पुसायच्या वस्तूचे नाव त्यात येऊ नये, नकारासह तर नाहीच. भिंत आणि फरशी एकाच वेळी नीट भरत नसतील, तर ओट्याच्या कडेवर निवड तोडून दोन्ही भाग वेगवेगळे भरावेत. मोठ्या निवडीत भरलेला भाग मऊ, धुरकट दिसू शकतो. लहान तुकड्यांत तपशील अधिक टिकतो.

निकाल १०० टक्के आकारात पाहावा. ओट्याची कड सरळ पुढे जाते का, फरशीचे सांधे जुळतात का, भिंतीचा खरखरीतपणा एकसारखा आहे का, एवढे पाहिले की चूक लगेच दिसते. देवनागरी पाटीचा काही भाग निवडीत आला, तर अक्षरे मोडून अक्षरांसारख्या खुणा उमटतात; पाटी नेहमी निवडीबाहेर ठेवावी.

स्कूटरमागे खरोखर काय होते हे प्रारूपाला ठाऊक नसते. तिथे पायरी असेल आणि ते सपाट भिंत भरेल. निमंत्रणपत्रिकेला असा फोटो चालतो, पण जुन्या घराची नोंद म्हणून तो जपायचा असेल तर ही सोय वापरू नये. दोन पावले बाजूला सरून दुसरा फोटो घ्यावा आणि झाकलेला भाग त्यातून आणून बसवावा.